हातात न ठरणारा पैसा

17 ऑगस्ट 1923 रोजी जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे राइशबँकेचे, अध्यक्ष रुडोल्फ हाफेनश्टाइन यांनी सरकारी मंडळींपुढे एक निवेदन केले. बँक सध्या दररोज 20 लाख कोटी मार्कांच्या नोटा बाहेर काढते आहे, पुढच्या आठवड्यात हा आकडा रोज 46 लाख कोटींवर जाईल, असे त्यांनी सांगितले. देशात एकूण नोटा 63 लाख कोटी मार्कांच्या आहेत, तेव्हा लवकरच एकूण चलनाच्या दोन तृतीयांश इतक्या नोटा एका दिवसात पुरवता येतील, असेही ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती आणि अपराधीपणाही नव्हता. देशात नोटांची टंचाई आहे, छापखाने रात्रंदिवस राबून ती भरून काढताहेत, आणि ही कामगिरी लवकरच फत्ते होईल, असा एकूण सूर होता.

या निवेदनावर हसणे सोपे आहे आणि गेली शंभर वर्षे लोक हसत आले आहेत. पण टंचाईची तक्रार खोटी नव्हती, आणि या पुस्तकाचा सगळा विषय त्यातच आहे. त्या दिवसांत एका डॉलरला सुमारे 30 लाख मार्क पडत. म्हणजे 63 लाख कोटींचे हे सगळे चलन दोन-सव्वादोन कोटी डॉलरांत विकत घेता आले असते. महायुद्धापूर्वी जर्मनीत सुमारे 600 कोटी मार्कांचे चलन फिरत होते आणि डॉलरचा भाव 4.20 मार्क होता. त्या चलनाची किंमत झाली 140 कोटी डॉलरांच्या वर. नोटांचे डोंगर उभे राहिले आणि त्या डोंगरांची किंमत पूर्वीच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्शावर आली. पगार वाटायला कारखान्यांकडे खरोखरच नोटा कमी पडत होत्या, नगरपालिका आणि कंपन्या स्वतःच्या तात्पुरत्या नोटा छापत होत्या. नोटा अमाप होत्या आणि पैसा मात्र नव्हता.

नोटांच्या गड्ड्यांचे किल्ले रचणारी मुले, चुलीत नोटा घालणारी बाई, हातगाडीवरून पगार नेणारा माणूस ही छायाचित्रे वाचकांनी पाहिलेली असतील. 2009 च्या झिम्बाब्वेमधली शंभर लाख कोटी डॉलरांची नोटही अनेकांनी पाहिली असेल. माझे या चित्रांशी भांडण एवढेच की ती सारे लक्ष नोटेवरच्या शून्यांकडे वेधतात. शून्ये कितीही वाढली तरी, भाव आणि पगार एकाच वेगाने वाढत असतील तर, हिशेबाच्या कटकटीपलीकडे फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते दुसरीकडे. माणूस आपल्याजवळ किती रोख ठेवायला तयार आहे, हे ठरवणारी त्याची मनातली मोजणी बदलते. ही मोजणी मार्कांत नसते, पावांत असते, कोळशात असते, घरभाड्याच्या दिवसांत असते. नोटांचा आकडा भावांनी भागला की जे उरते त्याला अर्थशास्त्रात वास्तव रोख शिल्लक म्हणतात. लोकांजवळच्या नोटांनी प्रत्यक्ष किती माल घेता येईल, त्याचे ते माप. अतिचलनवाढीत हे माप कोसळते, आणि ते का कोसळते हे समजले की बाकीचा गोंधळ बराचसा उलगडतो.

माणूस रोख का बाळगतो? पगार एका दिवशी येतो आणि खर्च रोज होतो म्हणून. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार मिळाला आणि तो महिनाभर सारखा खर्च झाला, तर त्या माणसाजवळ सरासरीने अर्ध्या महिन्याची कमाई रोख असते. पगार आठवड्याला मिळू लागला तर अर्ध्या आठवड्याची. रोजच्या रोज मिळू लागला तर अर्ध्या दिवसाची. कमाई तीच, खाणे-पिणे तेच, पण हाताशी ठेवलेली रोख तिसाव्या भागापर्यंत खाली येऊ शकते. जर्मनीत 1922 ते 1923 या काळात कामगारांच्या बाबतीत जवळपास हेच झाले. आठवड्याचा पगार आठवड्यातून दोनदा होऊ लागला, मग रोज, आणि शेवटी काही ठिकाणी दिवसातून दोनदा.

रोख जवळ ठेवण्याला एरवी फारसा खर्च येत नाही. वर्षाला पाच टक्के भाववाढ असेल तर पंधरा दिवस खिशात पडलेल्या नोटेचे नुकसान पैशांतही मोजता येत नाही. ऑक्टोबर 1923 मधला जर्मनीचा हिशेब मात्र असा होता: भाव साधारण पावणेचार दिवसांत दुप्पट होत होते, म्हणजे रोज वीस-एकवीस टक्क्यांनी वाढत होते. आज घेतलेली नोट उद्या सकाळी खर्च केली तर तिच्या सहाव्या हिश्शाहून जास्त किंमत रात्रीत उडालेली असे. उघड्यावर ठेवलेला कापूर जसा हात न लावता संपतो, तशी.

या वेगाचा अर्थ एका घराच्या हिशेबात पाहू. आकडे मी सोयीसाठी सोपे घेतो, वेग मात्र ऑक्टोबरचाच. एका कामगाराला सोमवारी सकाळी आठवड्याचा पगार मिळाला, आणि त्या क्षणीच्या भावाने त्या पैशांत 14 पाव येतात असे धरू. त्याने जुन्या सवयीने पगाराचे सात सारखे भाग केले आणि रोज एका भागाचे पाव घेतले. पहिल्या दिवशी दोन पाव मिळाले, दुसऱ्या दिवशी दोनाला थोडे कमी, चौथ्या दिवशी एकाच्या थोडे वर, आणि रविवारी अर्ध्या पावाच्या जरा वर. आठवड्याची बेरीज साडेआठ पाव. शेजारच्याने सोमवारी दुपारपूर्वीच सगळे 14 पाव घेतले असते तर साडेपाच पावांचा फरक पडला असता. कुणी चोरी केली नाही, पगारात कपात झाली नाही, मालकाने फसवले नाही. केवळ नोटा सात दिवस हळूहळू खर्च केल्या, त्याचा हा दंड.

पण 14 पाव सोमवारी घेऊन करायचे काय? पाव शिळा होतो. म्हणून हुशार माणूस पाव दोनच घेई आणि उरलेल्या पैशांची अशी वस्तू आणी की जी टिकेल आणि पुढे कुणाला तरी विकता किंवा बदलून देता येईल. साबण, दोरा, बूट, सिगारेट, शेतकऱ्याकडे देऊन बटाटे आणता येतील असे काहीही. आपल्याला नको असलेली वस्तू नको त्या भावाने घेणारा हा माणूस बाहेरून वेडा दिसतो, पण त्याचा हिशेब चोख असतो. नोटेवर रोजचा सहावा हिस्सा गमावण्यापेक्षा बुटांच्या जोडीवर पुढे दहावा हिस्सा गमावणे परवडते. पगाराच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी बायका उभ्या असत, नोटा हातात पडताच दुकानाकडे धावत, कारण डॉलरचा नवा भाव जाहीर झाला की दुकानातल्या पाट्या बदलणार हे सर्वांना ठाऊक होते. पुस्तकविक्रेत्यांनी तर पाट्या बदलण्याचा त्रासच संपवला होता. पुस्तकावर एक मूळ किंमत छापलेली असे, आणि त्यांची संघटना एक गुणक जाहीर करी. मूळ किंमत गुणिले आजचा गुणक, एवढे मार्क मोजायचे. गुणक बदलत राही, पुस्तकाला हात लावावा लागत नसे.

हे केवळ जर्मनांचे वेड नव्हते. त्याच 1923 साली लंडनमध्ये छापून आलेल्या आपल्या चलनविषयक ग्रंथात केन्स यांनी मॉस्को आणि व्हिएन्ना इथली अशीच धावपळ टिपली आहे. मॉस्कोचा दुकानदार चीज विकले की रुबल घेऊन घाऊक बाजाराकडे पळे आणि ते गमावण्याआधी पुन्हा चीज भरून ठेवी. व्हिएन्नातला विनोद असा होता की शहाण्याने कॅफेत बिअरचे दोन पेले एकदमच मागवावेत. दुसरा कोमट होईल खरा, पण भाव वाढण्याआधी पदरात पडेल. विनोद गोड आहे, पण केन्स त्यातून काढतात तो निष्कर्ष कठोर आहे. नोटा छापून सरकार लोकांकडून जी वसुली करते तो एक करच असतो, आणि हा कर ज्या वस्तूवर बसतो ती वस्तू म्हणजे लोकांनी जवळ ठेवलेली रोख. लोक रोख टाळायला शिकले की कराचा पायाच आक्रसतो.

इथे एक पेच आहे आणि तो नीट पाहिला नाही तर पुढचे काहीच नीट दिसत नाही. एक माणूस आपली नोट झटकन खर्च करून मोकळा होऊ शकतो. पण ती नोट नाहीशी होत नाही, ती दुकानदाराकडे जाते. दुकानदारही मोकळा होतो, नोट घाऊक व्यापाऱ्याकडे जाते, तिथून शेतकऱ्याकडे. प्रत्येकजण रोख कमी करू पाहतो, पण सगळ्यांच्या मिळून नोटा एकही कमी होत नाहीत, कारण त्या बाजाराबाहेर जायला वाटच नाही. मग लोकांना हवी तेवढीच रोख सगळ्यांकडे मिळून उरते ती कशी? भाव वाढून. भाव इतके वर चढतात की तेवढ्याच नोटांची मालात मोजलेली किंमत, लोक ठेवायला तयार असतील तेवढी, खाली येते. म्हणून अतिचलनवाढीच्या शेवटच्या टप्प्यात भाव नोटांपेक्षाही पुढे पळतात. छापखाना थांबला असता, तरी लोकांचा पळ चालू असेपर्यंत भाव वाढतच राहिले असते.

आकड्यांत हे फार स्पष्ट दिसते. 15 नोव्हेंबर 1923 पर्यंत जर्मनीतल्या नोटा युद्धापूर्वीच्या चलनाच्या सुमारे 1,500 कोटी पट झाल्या होत्या. आकडा ऐकून डोके गरगरते. पण त्याच दिवशी डॉलरचा भाव युद्धापूर्वीच्या 60,000 कोटी पट होता. दोन्हींतला चाळीस पटींचा फरक म्हणजे लोकांचा पळ. नोटांची वाढ राइशबँकेच्या छापखान्यात झाली, पण हा चाळीस पटींचा फरक घराघरांत, दुकानांच्या गल्ल्यावर, फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांच्या हिशेबात तयार झाला.

आणि राइशबँकेला नेमका हाच फरक वाचता आला नाही. हाफेनश्टाइन आणि कार्ल हेलफेरिख यांच्यासारख्या जाणकारांचा युक्तिवाद असा: युद्धाची नुकसानभरपाई आणि आयात यांमुळे मार्क परदेशी चलनाच्या तुलनेत घसरतो, त्यामुळे आयात महागते, त्यामुळे देशातले भाव चढतात, आणि चढलेल्या भावांना पुरतील एवढ्या नोटा देणे बँकेला भागच पडते. याला पुरावा काय, तर सोन्याच्या भावाने मोजल्यास देशातले चलन पूर्वीपेक्षा कितीतरी कमी आहे. मग जास्त नोटा झाल्या म्हणून भाव चढले असे कसे म्हणता येईल? हा युक्तिवाद निव्वळ मूर्खपणाचा नाही, म्हणूनच तो धोक्याचा आहे. आकडा बरोबर होता, अर्थ उलटा लावला होता. लोक नोटांपासून पळत असल्यामुळे सोन्यात मोजलेले चलन आटले, आणि या आटण्यालाच टंचाई समजून बँकेने आणखी नोटा ओतल्या. आणखी नोटांनी भाव वाढले, पळ वाढला, चलन आणखी आटले, टंचाई आणखी तीव्र झाली. जर्मनीतला हा सगळा काळ साठ-सत्तर टक्के तरी आकड्यांचा गैरसमज होता असे कधीकधी वाटते. पण सरकारच्या तुटीचा विचार केला की हे म्हणणे जरा मागे घ्यावे लागते.

त्या गैरसमजाची झळ सगळ्यांना सारखी बसली नाही. राइशबँकेचा व्याजदर जुलै 1922 पर्यंत वर्षाला 5 टक्के होता. सप्टेंबर 1923 मध्ये तो 90 टक्क्यांवर नेला, तेव्हा भाव महिन्याला कित्येक पटींनी वाढत होते. ज्या उद्योगपतीला बँकेकडून हुंडी वटवून कर्ज मिळत असे तो नोटा घेई, ताबडतोब कोळसा, यंत्रे, कारखाने घेई आणि तीन महिन्यांनी कर्ज फेडताना मूळ किमतीचा चुरा परत करी. ह्यूगो श्टिनेस यांचे उद्योगसाम्राज्य या काळात फुगले ते या वाटेनेही. एकीकडे ज्याला नोटा मिळतात तो पळण्यात तरबेज, आणि दुसरीकडे ज्याची बचत बँकेतल्या खात्यात, विमापत्रात किंवा युद्धकर्जरोख्यात अडकलेली तो पळूच शकत नाही. पेन्शनवर जगणारी विधवा बुटांची जोडी घेऊन ठेवणार कशातून?

पण जर्मन लोक पहिल्या नोटेपासूनच पळत सुटले असे समजू नये. ऑगस्ट 1914 मध्ये नोटेच्या बदल्यात सोने देणे बंद झाले आणि युद्धभर नोटा छापल्या गेल्या, तरी लोक त्या बाळगतच राहिले. फेब्रुवारी 1920 मध्ये डॉलर शंभर मार्कांच्या आसपास पोहोचला होता, मे 1921 मध्ये तो साठाच्या घरात परत आला. अनेक परदेशी लोकांनी स्वस्तात मार्क घेऊन ठेवले, कारण जर्मनी सावरेल आणि मार्क पूर्वपदावर येईल असा भरवसा होता. भरवसा असेपर्यंत सरकार नोटा छापू शकत होते आणि भाव त्यामानाने मागे राहत होते. हा भरवसा तुटला तो 1922 च्या उन्हाळ्यात. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय सावकारांच्या समितीने जर्मनीला कर्ज देता येणार नाही असे सांगितले आणि त्याच महिन्याच्या 24 तारखेला परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांचा खून झाला. जूनमध्ये तीनशेच्या वर असलेला डॉलर ऑगस्टमध्ये हजाराच्या पलीकडे गेला आणि वर्षअखेर सात हजारांच्या पुढे. जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रूर खोरे ताब्यात घेतले, तिथल्या संपकरी कामगारांचे पगार जर्मन सरकारने छापून दिले, आणि मग उतार तीव्रच झाला. त्यातही करवसुलीचे दुखणे वेगळे होते. कर ठरतो आज, भरला जातो काही महिन्यांनी, आणि तोवर त्याची किंमत उरलेली नसते. सामान्य माणूस नोटांपासून पळत होता तसाच करदाताही कर उशिरा भरून पळत होता, फक्त त्याला धावावे लागत नव्हते. 1923 च्या शरदात सरकारच्या खर्चाचा अगदी किरकोळ हिस्सा करांतून येई.

आता तुटीकडे. फिलिप केगन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीसह सात अतिचलनवाढींचे आकडे एकत्र तपासले. महिन्याला 50 टक्क्यांहून जास्त भाववाढ म्हणजे अतिचलनवाढ, ही आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या त्यांचीच. त्यांचा प्रश्न सरळ होता: भाववाढीची अपेक्षा जितकी वाढते तितकी वास्तव रोख शिल्लक कशी घटते? उत्तरही बऱ्यापैकी सरळ निघाले. दोन्हींचे नाते इतके पक्के होते की त्यावरून सरकारच्या छुप्या कराचा हिशेब मांडता आला. नोटा छापून होणारी मिळकत म्हणजे भाववाढीचा दर गुणिले लोकांजवळची वास्तव रोख. दर थोडा असेल तर मिळकत थोडी. दर वाढवला की मिळकत वाढते, पण त्याच वेळी लोक रोख कमी करतात. एका टोकापलीकडे दर वाढवला तर मिळकत घटू लागते. केगनच्या अंदाजाने जर्मनीसाठी हे टोक महिन्याला सुमारे 20 टक्क्यांच्या भाववाढीपाशी होते. प्रत्यक्षात ऑगस्ट 1922 ते नोव्हेंबर 1923 या काळात भाववाढीची सरासरी महिन्याला 322 टक्के पडली. सरकार टोक ओलांडून कितीतरी पलीकडच्या उतारावर होते आणि प्रत्येक नव्या छपाईतून तुलनेने कमी माल पदरात पाडत होते.

मग सरकार मागे का फिरले नाही? केगनचे उत्तर असे की लोकांच्या अपेक्षा भावांच्या मागून, थोड्या उशिराने बदलतात. आज छपाई अचानक दुप्पट केली तर लोक कालच्याच वेगाने हिशेब करत असतात, त्यामुळे काही दिवस सरकारला खरोखर जास्त मिळते. पण पुढच्या महिन्यात लोक शहाणे होतात, तेव्हा तेवढेच मिळवायला छपाई आणखी वाढवावी लागते. दिवसाचा खर्च भागवण्याच्या घाईत असलेल्या अर्थखात्याला पुढच्या महिन्याची पर्वा नसते. या स्पष्टीकरणाला मर्यादा आहेत. लोक फक्त मागे पाहून अपेक्षा बांधतात हे गृहीतक पुढच्या पिढीतल्या अर्थतज्ज्ञांना पटले नाही, आणि केगनच्या स्वतःच्या आकड्यांतही एक बोचणारी गोष्ट आहे. जर्मनीच्या शेवटच्या काही महिन्यांत लोकांजवळची वास्तव रोख त्यांच्या सूत्राने सांगितलेल्यापेक्षा जास्त निघाली. केगनने हे महिने हिशेबातून वगळले आणि त्याचे संभाव्य कारण दिले: नवे चलन येणार अशी कुजबुज सुरू झाली होती. भाव कालपर्यंत कसे वाढले यापेक्षा उद्या काय होणार आहे, यावर लोक जास्त विश्वास ठेवू लागले होते. मला हे वगळलेले महिनेच या सगळ्या अभ्यासातला सर्वांत बोलका भाग वाटतात.

कारण पुढे घडले ते त्यांच्याच धर्तीवर. 15 नोव्हेंबर 1923 पासून राइशबँकेने सरकारच्या हुंड्या वटवणे थांबवले आणि नव्याने स्थापन झालेल्या रेंटेनबँकेच्या नोटा, रेंटेनमार्क, बाजारात आल्या. एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी कागदी मार्क. 20 नोव्हेंबरला डॉलरचा भाव 4.2 लाख कोटी मार्कांवर थांबवला गेला, म्हणजे नव्या हिशेबाने पुन्हा 4.20. हाफेनश्टाइन यांचा मृत्यूही त्याच दिवशी झाला. रेंटेनमार्कामागे सोने नव्हते. देशातल्या शेती आणि उद्योगांवर बसवलेला एक नाममात्र बोजा होता, जो कुणालाही नोट देऊन वसूल करता येणार नव्हता. अर्थमंत्री हान्स लुथर आणि चलन आयुक्त ह्याल्मार शाख्त यांच्याकडे खरे हत्यार एकच होते: रेंटेनबँक सरकारला जास्तीत जास्त 120 कोटी रेंटेनमार्क कर्ज देईल, त्याहून एक मार्कही नाही.

यानंतरचे आकडे केवळ नोटांचा हिशेब करणाऱ्याला चक्रावून टाकतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत कागदी मार्कांच्या नोटा जवळपास पाचपट झाल्या, शिवाय रेंटेनमार्क वेगळे. तरीही भाव थांबले. दीड महिन्यात पाचपट नोटा, आणि पावाचा भाव जिथल्या तिथे. याचे कारण वर सांगितलेल्या चाळीस पटींच्या फरकात आहे. लोकांनी पळणे थांबवले होते. पगार आता संध्याकाळपर्यंत, मग आठवडाभर खिशात ठेवता येऊ लागला. बाजाराला पुन्हा खरीच जास्त रोख हवी होती आणि नव्या नोटा त्या मागणीत मुरल्या. ऑगस्टमध्ये हाफेनश्टाइन यांनी टंचाई म्हणून जी पाहिली होती ती आता नोटा देऊन खरोखर भरता आली, पण तुटीची वाट बंद झाल्यावर.

एक आपल्याकडचा संदर्भ इथे नोंदवावासा वाटतो, कारण तो योगायोगाने त्याच वर्षीचा आहे. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला; त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांचे प्रास्ताविक आहे. त्या ग्रंथाचा विषय जर्मनी नाही, भारताचे चलन आहे, आणि त्यातला वाद मुख्यतः केन्स यांनी आधी मांडलेल्या सुवर्ण-विनिमय पद्धतीशी आहे. पण चलन किती काढायचे हे ते काढणाऱ्यांच्या विवेकावर न सोडता त्याला पक्की मर्यादा घालावी, हा आंबेडकरांचा आग्रह रेंटेनमार्काच्या 120 कोटींच्या मर्यादेशेजारी ठेवून वाचला तर जास्त नीट कळतो. स्वतंत्र भारताने अतिचलनवाढ कधी पाहिली नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हा आग्रह कधीकधी पुस्तकी वाटतो.

पुढील प्रकरणांत हंगेरी, ग्रीस, झिम्बाब्वे यांच्याही गोष्टी येतील. 1946 च्या जुलैत हंगेरीत भाव साधारण पंधरा तासांत दुप्पट होत होते, त्यामुळे तिथला पळ जर्मनीपेक्षाही वेगळ्या जातीचा होता. पण जर्मनीचे प्रकरण मी पहिले आणि मोठे ठेवले आहे, कारण तिथे भरवशाचा प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो: 1921 मध्ये लोक नोटा जपून ठेवताना, 1922 मध्ये शंका घेताना, 1923 मध्ये पळताना आणि नोव्हेंबरनंतर थांबताना.

थांबण्याची कसोटी मात्र नोव्हेंबरात नव्हती, डिसेंबरात होती. तोवर रेंटेनमार्क हातोहात स्वीकारला जात होता, पण लोकांनी असे कागद आधीही स्वीकारले होते. सरकारी नोकरांची कपात जाहीर झाली होती, कर सोन्याच्या हिशेबाने वसूल होऊ लागले होते, तरी तिजोरीत खडखडाट होता आणि 120 कोटींचे कर्ज संपत आले होते. सरकारने रेंटेनबँकेकडे वाढीव कर्ज मागितले. बँकेने नकार दिला.